रोटांची सुटी आणि नोटीसचा महिना

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं मराठी थोडं सांभाळून घ्या. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी आमचं जमत नाही. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण तो आमच्या धुळ्याच्या घरात, कानबाईच्या रोटांवरून घडला.

आमचा दादा (म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा) डिप्लोमा करून जळगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी बघायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याला नाशिकला चांगली नोकरी मिळाली. २०२५ च्या १६ जुलैला त्याने राजीनामा दिला. ३० दिवसांची नोटीस, म्हणजे शेवटचा दिवस १४ ऑगस्ट. नाशिकला १८ ऑगस्टला, सोमवारी, हजर व्हायचं. मध्ये ३ ऑगस्टच्या रविवारी कानबाई. आता खान्देशात कानबाईला घरी जायचं नाही म्हणजे काय! रोट सगळ्या भाऊबंदांनी मिळून खायचे असतात. काकू रोज फोन करून विचारायची, "कव्हय येशी रे भाऊ?" दादाने शनिवार आणि सोमवार अशी दोन दिवसांची रजा मागितली. खात्यावर १४ रजा शिल्लक होत्या.

साहेब म्हणाले, "नोटीसमध्ये रजा नसते, माहीत आहे ना? पण सण आहे, जा. अर्ज टेबलावर ठेवून जा." दादा अर्ज ठेवून गेला. अर्जाची पोच घेतली नाही. सगळी गडबड इथेच झाली.

शेवटचा हिशेब हातात आला तेव्हा त्यात शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस गैरहजर! रविवार का? तर दोन्ही बाजूंना माणूस नसेल तर मधली साप्ताहिक सुटीही गैरहजेरीत मोजायची. याला सँडविच म्हणतात. हे सँडविच आपण खात नाही, आपल्यालाच खातं.

आता आकडे बघा. दादाचा एकूण पगार २४,००० रुपये, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. दिवसाला ८०० रुपये धरून ऑगस्टच्या पगारातून तीन दिवसांचे २,४०० कापले. बरं, इथवर ठीक. पण खाली आणखी एक ओळ, 'नोटीस कमी पडली, ३ दिवस', पुन्हा २,४०० वजा. एकाच गैरहजेरीचे दोनदा पैसे! आणि शिल्लक १४ रजांचे पैसे देताना दिवसाचा भाव कोणता? १३,००० भागिले २६, म्हणजे ५०० रुपये. म्हणजे कंपनी आपला दिवस ५०० ने विकत घेते आणि तोच दिवस आपल्याला ८०० ने विकते. जळगावच्या सराफ बाजारातसुद्धा खरेदी-विक्रीच्या भावात एवढा फरक नसेल!

साधी रजा धरली असती तर १२ रजांचे ६,००० मिळाले असते आणि कापणी शून्य. प्रत्यक्षात १४ चे ७,००० मिळाले आणि ४,८०० गेले. उरले २,२००. दोन दिवस रोट खायला गेल्याचे ३,८०० रुपये पडले.

दादा चिडला, पण भांडला नाही. त्याने ईमेल केला की एकतर पगार कापा नाहीतर नोटीसचे पैसे घ्या, दोन्ही कसे? आठ दिवसांनी २,४०० परत आले. रजा मात्र मंजूर धरली नाही, कारण अर्ज सापडला नाही. सापडणार कसा?

मी मग हा विषय जरा खोदला. रजा कधी द्यायची हे बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असतं, नोटीसमध्ये नाही म्हणाला तर तारखेसाठी त्याला भाग पाडता येत नाही. पण कमावलेली रजा नोकरी सोडली म्हणून बुडत नाही, तिचे पैसे होतात. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये एक गमतीदार कलम होतं. मालक कामगाराला काढत असेल तर त्याची उरलेली रजा नोटीसच्या मुदतीत घुसवायची नाही. म्हणजे एक महिन्याची नोटीस द्यायची आणि त्यातले १५ दिवस 'तुझी रजाच संपव' म्हणून घरी बसवायचं, हे चालत नव्हतं. पण माणूस स्वतः सोडत असेल तर काय, याबद्दल ते कलम काही बोलत नव्हतं. ती जागा अपॉइंटमेंट लेटरने भरली, आणि ते लेटर कंपनी लिहिते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आणि फॅक्टरी ॲक्ट गेला. वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं वेतनही दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायला सांगितलंय. दादाला हे तीन महिने आधी हवं होतं! पण नोटीसमधल्या रजेचा प्रश्न अजूनही लेटरवरच येऊन थांबतो.

पुण्याच्या आयटीत तर नोटीसच ९० दिवसांची. माझ्या रूममेटची ताई सांगते की तिथे सरळ नाही म्हणत नाहीत, "घ्या ना रजा" म्हणतात आणि शेवटचा दिवस तेवढा पुढे ढकलतात. नवीन कंपनीची तारीख ठरलेली असली की माणूस आपोआप रजा मागत नाही.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर बाबांचे मित्र रागावतील. त्यांचा चटईचा छोटा कारखाना आहे. ते म्हणतात, "अगं, राजीनामा दिल्यावर तिसऱ्या दिवशी मेडिकल सर्टिफिकेट येतं. पोरगा आजारी नसतो, दुसरीकडे लागलेला असतो. माझ्या मशीनचं सेटिंग एकट्याला माहीत, ते शिकवायचं कुणी?" हे खरं आहे. नोटीसचा महिना काम सोपवण्यासाठी असतो. आणि ही चलाखी लपतही नाही, एकाच यूएएन नंबरवर दोन कंपन्यांच्या पीएफच्या तारखा एकमेकांवर चढलेल्या दिसतात.

पण म्हणूनच मला वाटतं, दादासारख्याला नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. सण कधी आहे ते कॅलेंडरवर छापलेलं होतं, रजा दोनच दिवसांची होती, कामाच्या नोंदी त्याने आधीच लिहून दिल्या होत्या. नाहीच द्यायची तर तसं लेखी द्या, दादा गेला नसता किंवा शेवटचा दिवस १६ ऑगस्ट करून घेतला असता. नाशिकला तरी वेळेत पोचला असता. साहेबांचं ते "जा, पण अर्ज ठेवून जा" हे मला सगळ्यात जास्त खटकतं. तोंडाने दिलेली परवानगी हिशेबाच्या कागदावर गैरहजेरी होते, आणि रिलीव्हिंग लेटर त्यांच्याच कपाटात असल्यामुळे आपण आवाज चढवू शकत नाही. ते लेटर दादाला पाच आठवड्यांनी मिळालं. तोपर्यंत नाशिकचे एचआर रोज मागत होते.

आपल्याकडे कॅम्पसला ऑफर लेटर आलं की सगळे आधी पॅकेजचा आकडा बघतात आणि पेढे वाटायला पळतात. मीही तेच केलं असतं. दादाने मात्र नाशिकच्या लेटरमध्ये 'नोटीस काळातील रजा' या ओळीखाली पेनने रेघ मारली आणि सही करण्याआधी विचारलं, "यात रविवार मोजता का?" एचआरच्या मॅडम हसल्या म्हणे. पण उत्तर त्यांनी ईमेलवर दिलं, आणि त्याची प्रिंट काकूने धुळ्याच्या घरी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.