अनुभव नाही, हे पत्रात सरळ लिहा

गावाकडून पुतण्याचं, भाच्याचं नाहीतर शेजारच्या पोराचं पत्र आपल्या मोबाइलवर येतं. "काका, एवढं तुमच्या कंपनीत देता का?" पोरगा सिव्हिलची डिग्री घेऊन नुकताच बाहेर पडलेला असतो. आपण ते कॅम्पमधल्या ओळखीच्या फोरमनला पाठवतो, तो ऑफिसात देतो. आमच्याकडे साइटसाठी माणूस हवा असला की अशी पत्रं इंजिनिअर माझ्यासमोर टाकतो आणि म्हणतो, यातलं कोण कामाचं वाटतं बघ. मी डिप्लोमावाला. गेली काही वर्षं दुबईत सुपरवायझर आहे. ही पत्रं वाचून माझं एक ठाम मत झालंय आणि ते पत्र पुढे ढकलणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी आहे.

येणाऱ्या पत्रांत दोन प्रकार सारखे दिसतात. पहिल्यात दोन वर्षांचा गल्फचा अनुभव लिहिलेला असतो, जो मुळात नाहीच. एजंट पैसे घेऊन कुठल्यातरी लेटरहेडवर सर्टिफिकेट करून देतो. दुसऱ्यात अनुभवाचं नावच नसतं आणि शेवटी असतं, "कोणतंही काम, कोणत्याही पगारावर करायला तयार आहे." लोक पहिल्याला हुशारी म्हणतात आणि दुसऱ्याला नम्रपणा. माझ्या मते दोन्ही पत्रं त्या पोराचंच नुकसान करतात.

खोटं फार लवकर पकडलं जातं. पोरगा म्हणतो दोन वर्षं अबुधाबीत होतो, आणि डिग्रीवरचं साल बघितलं तर तेव्हा तो कॉलेजात बसलेला. पासपोर्ट पहिलाच असतो आणि एकही पान वापरलेलं नसतं. तिथून सुटला तरी मी एवढंच विचारतो, "स्लॅब ओतायच्या आधी इन्स्पेक्शन रिक्वेस्टवर सही कुणाची लागते?" ज्याने इथे एक महिना काढलाय तो डोळे मिटून सांगेल, कन्सल्टंटची. आपल्याकडे लहान बिल्डिंगवर साइट इंजिनिअर सळई बघतो आणि दुपारी काँक्रीट चालू होतं. इथे आधी कागद जातो, कन्सल्टंटचा माणूस येऊन तपासतो, सही होते, मगच पंप लागतो. कंपनी "गल्फचा अनुभव" मागते तेव्हा मुख्यतः हेच मागत असते: ही कागदाची शिस्त, उन्हाळ्यात रात्री काँक्रीट ओतायची सवय, आणि पाच देशांच्या माणसांकडून काम करून घेणं. सर्टिफिकेट विकत घेऊन यातलं काहीच येत नाही. वर खोटा कागद वापरणं हा इथे गुन्हा आहे. पकडला गेला तर एजंट मुंबईत सुखरूप असतो, अडकतो तो पोरगा.

दुसऱ्या प्रकाराचं नुकसान उशिरा कळतं. "कोणत्याही पगारावर" असं लिहिलं की ऑफिसला पहिल्या दिवशीच समजतं की हा घासाघीस करणार नाही. मग व्हिसावर हुद्दा हेल्परचा आणि काम मात्र सुपरवायझरचं, असं होतं. त्याहून वाईट म्हणजे बेसिक कमी ठेवून बाकीचा पगार भत्त्यात दाखवतात. हिशोब करून बघा. एकाला एकूण २५०० दिरहम मिळतात, त्यात बेसिक १५००. दुसऱ्यालाही २५००च, पण बेसिक ९००. हातात दोघांना सारखेच पैसे येतात. पण यूएईत ग्रॅच्युइटी बेसिकवर धरतात, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांची. पहिल्याचे वर्षाला १०५० दिरहम होतात, दुसऱ्याचे ६३०. पाच वर्षांत २१०० दिरहमचा फरक पडला, आणि त्याची सुरुवात पत्रातल्या त्या एका वाक्यातून झाली. म्हणून आकडा लिहायचा नसेल तर लिहू नका. पण कोणत्याही पगारावर येतो, हे कधीच लिहू नका.

मग लिहायचं काय? साताऱ्याकडच्या एका मुलाचं पत्र माझ्याकडे आलं होतं. पहिल्या पत्रात "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा" एवढंच होतं. असं शंभर पत्रांत असतं, त्यावरून माणूस कळत नाही. मी त्याला फोनवर विचारलं, ट्रेनिंगला साइटवर गेलास तेव्हा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा करत काय होतास? तो जे बोलला तेच आम्ही लिहून काढलं. पत्र गेलं इंग्रजीत, पण मजकूर साधारण असा होता:

"ट्रेनी साइट इंजिनिअर या जागेसाठी मी अर्ज करत आहे. यंदा सिव्हिलची डिग्री पूर्ण झाली आहे. भारताबाहेर काम केल्याचा अनुभव मला नाही.

कराडजवळ पाच मजली इमारतीच्या साइटवर मी सहा आठवडे ट्रेनिंग केलं. स्लॅबच्या सळईचं अंतर ड्रॉइंगप्रमाणे आहे का ते मोजून, फरक साइट इंजिनिअरना लिहून देणं हे माझं काम होतं. एका स्लॅबला २४ घनमीटर काँक्रीट लागलं. त्याची तीन सॅम्पल, म्हणजे नऊ क्यूब, मी लॅबच्या माणसाबरोबर भरले आणि २८ दिवसांचे निकाल नंतर मागवून घेतले. प्रत्येक गाडीचा स्लम्प मोजून वहीत लिहिला. तिसऱ्या गाडीचा स्लम्प ठरल्यापेक्षा जास्त आला, तो ओतण्याआधी साइट इंजिनिअरना दाखवला आणि त्यांनी गाडी परत पाठवली.

आपल्याकडे कन्सल्टंटच्या लेखी तपासणीशिवाय काँक्रीट होत नाही हे मला माहीत आहे, पण ती पद्धत मी अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही. ऑटोकॅड येतं. सळईचं बीबीएस स्वतः काढतो.

मी सध्या भारतात आहे. डिग्रीचं अटेस्टेशन चालू आहे. ट्रेनिंगच्या साइट इंजिनिअरचा नंबर त्यांच्या परवानगीने सोबत दिला आहे."

एवढंच, एका पानात. वाचणाऱ्याला यातून काय कळतं ते बघा. "अनुभव नाही" हे पोरानेच आधी सांगून टाकलं, त्यामुळे तो प्रश्न संपला. तिसऱ्या गाडीची गोष्ट रचून सांगणं अवघड आहे, कारण मी लगेच विचारणार: स्लम्प किती ठरला होता, किती आला, मोजायचा कोन कसा भरतात. ज्याने केलंय तो न अडखळता सांगतो. आणि चुकीची गाडी बघून गप्प न बसणारा नवा पोरगा मला दोन वर्षांचं बनावट सर्टिफिकेट आणणाऱ्यापेक्षा केव्हाही चालेल.

तुमच्याकडे पत्र आलं की पुढे पाठवण्याआधी हीच कसोटी लावा. पत्रातल्या प्रत्येक वाक्यावर त्याला विचारा, "कुठे? किती? पुढे काय झालं?" ज्या वाक्याला उत्तर नाही ते काढून टाकायला सांगा. सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगमधून तीन-चार खरी वाक्यं नक्की निघतात. एकही निघत नसेल, तर पोरगा साइटवर गेलाच नव्हता आणि फक्त सर्टिफिकेट घेऊन आला, हेही तुम्हाला तिथेच कळेल. त्याला आधी गावाकडेच सहा महिने साइटवर उभं राहायला सांगा.

आता कुणी म्हणेल, "सगळेच खोटं लिहितात, खरं लिहिणारा मागे राहतो." यात थोडं तथ्य आहे. मोठ्या कामांवर काही जागांना किती वर्षांचा अनुभव हवा ते करारातच लिहिलेलं असतं आणि माणसाचा सीव्ही कन्सल्टंटकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तिथे नव्या पोराचं कितीही चांगलं पत्र चालणार नाही. म्हणून पत्र जागा बघून पाठवावं: ट्रेनी, क्यूसीचा मदतनीस, सर्व्हेयरचा असिस्टंट, किंवा सबकाँट्रॅक्टरकडचा ज्युनिअर. पण माझं कंपन्यांनाही सांगणं आहे. ट्रेनीच्या जाहिरातीत "गल्फचा अनुभव आवश्यक" असं छापायचं आणि पगार मात्र नव्या माणसाचा द्यायचा, यानेच एजंटांचा सर्टिफिकेटचा धंदा चालतो. कन्सल्टंटच्या सहीची पद्धत शिकायला हुशार पोराला फार दिवस लागत नाहीत. आणि माणूस पारखायला कायद्याने सहा महिन्यांपर्यंत प्रोबेशन ठेवता येतंच की.

शेवटचं, पत्राला उत्तर आल्यावरचं. खरं पत्र गेलेल्या पोराने पुढेही कागद खराच मागायला हवा. यूएईच्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कामगाराकडून घेता येत नाही. भारतात नोंदणी असलेल्या एजंटला आपल्या सेवेचे जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. लाखाची गोष्ट निघाली की समजा, नोकरी विकली जातेय. कामगार मंत्रालयाचं ठरलेलं ऑफर लेटर निघायच्या आधी गावची नोकरी सोडू नये. ते हिंदीतही मिळतं. त्यात हुद्दा आणि बेसिक, दोन्ही वेगळे वाचावेत. करार त्याहून वाईट करता येत नाही. "आधी व्हिजिटवर ये, काम चालू कर, व्हिसा नंतर बघू" असं कुणी म्हटलं तर नाही म्हणावं, कारण व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे.

बनावट सर्टिफिकेट घेऊन आलेल्या माणसाला यातलं काहीच मागता येत नाही. बेसिक कमी का, हुद्दा हेल्परचा का, असं विचारायला गेला की ऑफिसवाला फक्त त्याची फाइल उघडून दाखवतो. खोट्या पत्राची खरी किंमत ही आहे: तक्रार करायचं तोंडच उरत नाही. तेव्हा पोराचं पत्र पुढे पाठवताना त्याची नोकरी बघता तसं हेही बघा, की उद्या हक्काचं मागायची वेळ आली तर तो त्याच पत्रावर उभा राहू शकेल ना.