पहिल्याच रात्री निकाल नको

घरातल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला माझ्यासारख्याच मुलांचं आकर्षण वाटतं’ किंवा ‘मला मुलगा म्हणतात, पण मी आतून मुलगी आहे’ असं सांगितलं, की आपल्याकडे बहुतेक घरांत त्याच रात्री पंचायत बसते. अब्बांना उठवलं जातं, फुफीला फोन जातो, कुणी डॉक्टर सुचवतं, कुणी दम करून आणायला सांगतं. हे सगळं काळजीपोटीच होतं. पण एका कॉलेजात समुपदेशक म्हणून काम करताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. ज्या घरात पहिल्या रात्री निकाल लागतो, त्या घरात दुसरं बोलणं होतच नाही.

पहिल्या बोलण्याचं काम एकच असतं, मुलाने पुन्हा आपल्याकडे यावं. गुनाह आहे की नाही, लग्नाचं काय, लोक काय म्हणतील, हे प्रश्न खरे आहेत. पण ते त्या रात्री सुटत नाहीत आणि थोडे थांबले म्हणून बिघडतही नाहीत.

एका अम्मीने हे कसं केलं ते सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. मुलगा अकरावीत होता. रात्री भांडी आवरताना त्याने सांगितलं की त्याला मुलं आवडतात. ती हादरली. तरी तिने आधी हात पुसले, बसली आणि म्हणाली, “बेटा, मला हे समजायला वेळ लागेल. पण तू माझा आहेस, यात काही फरक नाही.” समजलं नसताना समजल्याचा आव तिने आणला नाही. रडू आलं तेव्हा “हे तुझ्यामुळे नाही, मी घाबरले आहे” असंही सांगितलं.

मग तिने तीनच प्रश्न विचारले. हे आणखी कुणाला माहीत आहे? कॉलेजात कुणी त्रास देतंय का? तुझ्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का? तिसरा प्रश्न विचारायला पालक घाबरतात. विचारल्याने तसा विचार मनात पेरला जाईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, उलट मुलाला बोलायची वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. तिथे चोवीस तास मोफत बोलता येतं.

सगळ्यात अवघड भाग पुढे होता, अब्बांचा. नवऱ्यापासून लपवणं तिला खोटेपणा वाटत होतं. तिने मुलालाच विचारलं, “अब्बांना कधी सांगायचं? तू सांगशील की मी?” तो म्हणाला, परीक्षेनंतर, आणि तू सोबत बस. तिने ते मान्य केलं. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट अमानत असते. ती कुणापर्यंत पोहोचवायची हे त्याच्या इजाजतीने ठरतं. फुफीला गेलेला एक फोन परत घेता येत नाही.

डॉक्टरचं काय? समलैंगिकता हा आजार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. ‘बदलून देतो’ म्हणून केले जाणारे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं. समुपदेशकाकडे जरूर जा, पण मुलाच्या आणि तुमच्या मनावरचा ताण हलका करायला. मुलाला बदलून आणायला नको.

घरच्या वागण्याने किती फरक पडतो, हे अमेरिकेत कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या अभ्यासात दिसलं. किशोरवयात घरच्यांनी खूप झिडकारलेल्या समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण कमी झिडकारलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. अभ्यास तिथला, २२४ तरुणांचा आहे. आपल्याकडचा आकडा तोच असेल असं मी म्हणत नाही. पण झिडकारणं म्हणजे फक्त मारहाण नव्हे. फोन काढून घेणं, मित्र तोडणं, घाईने स्थळ बघणं हेही त्यातच येतं.

पहिलं बोलणं फसलं हे कसं ओळखायचं? दोन दिवसांनी मूल म्हणतं, “मी मस्करी करत होतो.” घरचे सुटकेचा श्वास सोडतात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ती मस्करी नसते. मुलाने दार लावून घेतलेलं असतं. अशा वेळी उलटतपासणी न करता एवढंच म्हणावं, “ठीक आहे. पण पुन्हा कधी बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन.”

तुमच्यापैकी कित्येकजण कुणाचे तरी भाईजान किंवा आपा आहेत. धाकट्याने आधी तुम्हालाच सांगितलं, तर अम्मी-अब्बांपर्यंत बातमी पोहोचवायची घाई करू नका. त्याला विचारा आणि तो म्हणेल तेव्हा त्याच्या शेजारी बसा.