किलोचा भाव फळीवर दिसू द्या

प्रति,
वैध मापन शास्त्र यंत्रणा, महाराष्ट्र शासन;
पाकीटबंद किराणा माल भरणारे उत्पादक आणि त्यांचे वितरक;
बिलिंग सॉफ्टवेअरचे विक्रेते.

विषय: किराणा दुकानातील फळीवरच्या भावचिठ्ठीचा एकसारखा नमुना आणि त्यासाठी लागणाऱ्या सोयी.

महोदय,

ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून डोंबिवलीच्या मानपाडा रोडपर्यंत आमची दुकाने पसरली आहेत. गेल्या काही वर्षांत आमच्यापैकी बऱ्याच जणांनी काउंटर मागे सरकवून रॅक पुढे आणले. गिऱ्हाईक आता स्वतः आत येऊन माल उचलते. संध्याकाळी लोकलमधून उतरून थेट दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या एका हातात पिशवी असते आणि जवळचा चष्मा घरी राहिलेला असतो. तो पाकीट फिरवून बारीक छपाई वाचत बसत नाही. तो फळीकडे पाहतो, आणि तिथे बहुतेक दुकानांत काहीच नसते. असलाच तर स्केचपेनने पुठ्ठ्यावर लिहिलेला एक आकडा असतो. ही उणीव आमची आहे आणि ती भरून काढायला आम्ही तयार आहोत. पण तीन गोष्टी आमच्या हातात नाहीत. त्यासाठी हे मागणीपत्र.

पहिली गोष्ट पाकिटावर छापल्या जाणाऱ्या एकक भावाची. २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत नोव्हेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि एकक भाव छापणे बंधनकारक ठरले. अंमलबजावणी लांबत लांबत जानेवारी २०२४ पर्यंत गेली. हेतू चांगला होता. मात्र नियम असा आहे की एक किलोपेक्षा जास्त वजनाच्या पाकिटावर किलोचा भाव द्यायचा, कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅमचा, आणि आकडा दोन दशांशांपर्यंत पूर्ण करायचा. केशर किंवा वेलचीला हे चालून जाते. रव्याला चालत नाही.

उदाहरणादाखल तीन पाकिटे घेऊ. पहिले ५०० ग्रॅमचे, ३२ रुपयांचे. दुसरे ४०० ग्रॅमचे, २३ रुपयांचे. तिसरे ९०० ग्रॅमचे, ५४ रुपयांचे. भागाकार केला तर पहिल्याचा ग्रॅमला भाव ०.०६४ रुपये येतो, दुसऱ्याचा ०.०५७५ आणि तिसऱ्याचा ०.०६. दोन दशांशांवर आणले की तिन्ही पाकिटांवर एकच आकडा छापला जातो: ग्रॅमला ₹०.०६. प्रत्यक्षात किलोचे भाव ६४, साडेसत्तावन्न आणि ६० रुपये आहेत. साडेसहा रुपयांचा फरक छपाईतच गडप होतो, आणि तोही सगळे नियम पाळून. मीठ, पोहे, मैदा, साखर अशा स्वस्त मालात हेच घडते. माल जितका स्वस्त, तितका ग्रॅमचा भाव निरुपयोगी.

याच दुरुस्तीने ठरावीक वजनांची सक्तीही काढली. पूर्वी रवा-मैदा १००, २००, ५०० ग्रॅम, एक किलो अशा मापांतच भरावा लागे. आता ४०० आणि ९०० ग्रॅमची पाकिटे सर्रास येतात आणि किंमत तीच ठेवून वजन उतरवता येते. ठरावीक माप गेले तेव्हा एकक भावाने त्याची जागा घ्यायला हवी होती. म्हणून आमची मागणी अशी की एका किलोच्या आतल्या किराणा मालावरही भाव किलोचाच छापला जावा. मसाल्यासारखा थोडा लागणारा माल १०० ग्रॅमवर ठेवला तरी हरकत नाही, फक्त एका जातीच्या मालाला एकच एकक असावे. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशात किलो आणि लिटर हीच मूळ एकके धरली आहेत. आम्ही काही वेगळे मागत नाही. नियम केंद्राचा आहे हे ठाऊक आहे. राज्याच्या यंत्रणेने ही शिफारस केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाकडे पाठवावी. उत्पादकांनी तोवर वाट पाहू नये. छापील ग्रॅमच्या भावाशेजारी किलोचा भाव स्वतःहून द्यावा.

पाकिटावर बरोबर छापले तरी फळीवरची चिठ्ठी लागतेच, कारण छापील एकक भाव एमआरपीवर काढलेला असतो. आमच्याकडे बराच माल एमआरपीच्या खाली विकला जातो. वरचे ३२ रुपयांचे पाकीट कोणी ३० ला देत असेल, तर त्याच्या दुकानात किलोचा भाव ६० आहे. हा भाव फक्त तो दुकानदारच सांगू शकतो.

आता चिठ्ठीचा नमुना. आकार ७० × ३७ मिलिमीटर, म्हणजे साध्या ए-फोर कागदावर तीन रांगांत २४ चिठ्ठ्या बसतात. वेगळा कागद किंवा महाग प्रिंटर लागत नाही. वरच्या ओळीत मराठीत मालाचे नाव, १६ पॉइंटात. मधल्या पट्ट्यात डावीकडे विक्रीचा भाव, आकड्याची उंची सुमारे १२ मिलिमीटर (४८ पॉइंट). उजवीकडे पाकिटाचे वजन. खालच्या फिक्या पिवळ्या पट्टीत ‘किलोला’ हा शब्द आणि भाव, आकड्याची उंची ६ मिलिमीटर. अगदी कोपऱ्यात चिठ्ठी लावल्याची तारीख. बस. ऑफरची चांदणी, कंपनीचा लोगो, बारकोड यांना जागा नाही. बारकोड पाकिटावर असतोच.

हे आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. निरोगी डोळ्याला हाताच्या अंतरावर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर, जेमतेम ओळखू येणारे अक्षर ०.९ मिलिमीटरचे असते. मोतीबिंदू सुरू झालेल्या किंवा जवळचा चष्मा न लावलेल्या माणसाला त्याच्या तिप्पट मोठे लागू शकते, आणि ओळखण्यापलीकडे सहज वाचायचे तर त्याच्याही दुप्पट. हिशेब पाच मिलिमीटरच्या थोडा वर जातो, म्हणून किलोच्या भावाला सहा ठेवले. अंतर वाढले की हे गणित बदलते. सर्वांत खालच्या फळीवरची चिठ्ठी उभ्या माणसाच्या डोळ्यापासून दीड मीटरवर असते, तिथे सहा मिलिमीटर पुरत नाही. गोण्या आणि मोठ्या पुड्यांच्या त्या फळीला १०५ × ७४ मिलिमीटरची, दुप्पट आकड्यांची चिठ्ठी लावावी आणि ती वर कलती ठेवावी. ज्यांचे दुकान अजून काउंटरचेच आहे, त्यांना हा नमुना फारसा उपयोगी नाही. रॅक गिऱ्हाइकापासून दोन मीटर आत असतो. त्यांनी चिठ्ठ्या पुढच्या बरण्यांवर लावाव्यात आणि बाकीच्या मालासाठी फलक ठेवावा.

नाव मराठीत आणि आकडे इंग्रजी वळणाचे, असे आम्ही ठरवले आहे. यावर आमच्यातच वाद झाला. पण पाकिटावर, बिलावर आणि काट्यावर तेच आकडे असतात, वैध मापन अधिनियम २००९ नेही अंकांचे तेच रूप धरले आहे, आणि देवनागरी १ व ९ मंद उजेडात एकमेकांसारखे दिसतात. भावात एक आणि नऊची गल्लत परवडत नाही.

खाद्यतेलासाठी नमुन्यात एक वेगळा नियम आहे: भाव नेहमी किलोचा, लिटरचा कधीच नाही. तेलाचा डबा १५ किलोचा असतो तसा १५ लिटरचाही असतो आणि दोन्ही शेजारी उभे केले तर फारसे वेगळे दिसत नाहीत. एका लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम धरतात, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल. समजा किलोचा डबा २,२५० रुपयांना आणि लिटरचा २,१३० ला आहे. लिटरचा डबा १२० रुपयांनी स्वस्त वाटतो. किलोवर आणले की पहिला १५० आणि दुसरा १५६ रुपये पडतो. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये तेल कंपन्यांना लिटरसोबत वजनही छापायला सांगितले होते, त्यामुळे हा हिशेब पाकिटावरूनच करता येतो.

दुसरी मागणी सॉफ्टवेअरवाल्यांकडे आहे. बिलिंगच्या बहुतेक प्रोग्राममध्ये वजन हा वेगळा रकाना नसतो. ‘रवा ५०० ग्रॅ.’ असे नावातच लिहिलेले असते, त्यामुळे भागाकार करायला संगणकाला आकडाच सापडत नाही. निव्वळ वजनाचा रकाना आणि एककाचा रकाना वेगळे द्या. पुढचे काम एका ओळीचे आहे. ‘सी’ रकान्यात ग्रॅम आणि ‘डी’ मध्ये विक्रीचा भाव असेल तर एक्सेलमध्ये आम्ही हेच वापरतो:

```
=ROUND(D2/C2*1000,2)
```

शंभर रुपयांवरचा किलोचा भाव चिठ्ठीवर पूर्ण रुपयांत दाखवावा, खालचा पैशांसह. शिवाय थर्मल लेबल प्रिंटरवर मराठी नीट उमटली पाहिजे. स्वस्त प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत देवनागरी नसते. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरे फुटतात, मालाचे नाव वाचायला गिऱ्हाइकाला कोडे सोडवावे लागते. प्रोग्रामने ओळ चित्र म्हणून पाठवली की हे टळते. अक्षरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा मोफत मिळणारा ‘मुक्त’ टाइप चांगला आहे. थर्मल कागद उन्हात आणि तेलाच्या हाताने फिका पडतो, म्हणून फळीसाठी आम्हाला ए-फोरवर छापायचीही सोय हवी आहे.

तिसरी मागणी भाव बदलण्याच्या दिवसाची. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा जुन्या आणि नव्या भावाचा माल एकाच फळीवर आला. असे लहान प्रमाणात सतत घडते. नवा लॉट येतो, वजन २० ग्रॅमने कमी असते, आणि सेल्समन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. वितरकांनी वजन किंवा एमआरपी बदलल्याची नोंद चलनावर ठळक करावी, म्हणजे माल लावतानाच चिठ्ठी बदलता येईल. आमच्या बाजूने आम्ही शब्द देतो की चिठ्ठी आणि बिल यांत फरक निघाला तर कमी असलेला भाव घेतला जाईल.

हे सगळे झाले तर काही लहान पाकिटांवरचे आमचे मार्जिन उघडे पडेल, आणि कधी कधी शांपूची पुडी बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त असल्याचेही दिसेल. आमच्यातल्या काहींना ते नको आहे. आमचे एकत्रित मत मात्र ठरले आहे. यंत्रणेला विनंती आहे की नियमाची शिफारस होईपर्यंत निदान ही चिठ्ठी शिफारस केलेला नमुना म्हणून जाहीर करावी, तपासणीला येणाऱ्या निरीक्षकांना तो दाखवावा आणि त्यातील त्रुटी आम्हाला लेखी कळवाव्यात.

आपले,
ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील किराणा दुकानदार