मुलासाठी पहिला गेमिंग कन्सोल : खरेदीपूर्वीचा हिशेब

दहावीच्या परीक्षेनंतर मुलाने गेमिंग कन्सोल मागितला की घरातील चर्चा बहुधा किमतीवरच अडते. वास्तविक यंत्राची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता होय. कोणते खेळ मिळतील, ते कोठे साठतील, त्यांवर पालकांचा अंकुश कितपत राहील आणि यंत्र बिघडले तर दाद कोणाकडे मागावयाची, या चार प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वीच द्यावी लागतात. या चारही प्रश्नांच्या मुळाशी एक साधी गोष्ट असते : यंत्राला डिस्क घालण्याची खाच आहे की नाही.

उदाहरणादाखल चिखलीच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान असणारे एक कुटुंब कल्पावे. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, घरात दूरदर्शन संच आहे आणि पन्नास एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. वडिलांनी पंचावन्न हजारांची मर्यादा ठरविली आहे. त्यांच्यासमोर प्रामुख्याने दोन पर्याय येतात. सोनीचे प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी विक्रीस आले. त्याची सडपातळ, म्हणजे ‘स्लिम’ आवृत्ती एप्रिल 2024 मध्ये आली, तेव्हा डिस्क असलेल्या यंत्राची किंमत 54,990 रुपये आणि डिस्क नसलेल्या डिजिटल यंत्राची 44,990 रुपये होती. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर 2020 मध्ये 34,990 रुपयांना आले. त्याला डिस्कची खाच नाही. किमती पुढे बदलतात, म्हणून खरेदीच्या दिवशीचा दर पाहावा. परंतु या पर्यायांमधील गुणात्मक फरक तसाच राहतो.

खेळांची यादी आधी

यंत्र निवडण्यापूर्वी मुलाकडून त्याला खेळावयाच्या पाच खेळांची नावे कागदावर लिहून घ्यावीत आणि प्रत्येक खेळ कोणत्या यंत्रावर चालतो ते पाहावे. काही खेळ एकाच कंपनीच्या यंत्रासाठी असतात. ग्रॅन टुरिस्मो 7 ही मोटारींची शर्यत किंवा ॲस्ट्रो बॉट हा साहसी खेळ हवा असेल तर प्लेस्टेशनच घ्यावे लागते. फुटबॉल किंवा क्रिकेट 24 यांसारखे खेळ मात्र दोन्हींकडे मिळतात. यादीतील पाचपैकी चार खेळ दोन्हींकडे असतील, तर निवड खेळांवरून न करता पुढील मुद्द्यांवरून करणे शहाणपणाचे ठरते.

यादी हाती असतानाच प्रत्येक खेळाचे वयोमान पाहून घ्यावे. भारतात विकल्या जाणाऱ्या डिस्कच्या वेष्टनावर बहुधा युरोपातील ‘पेगी’ या मानांकनाचा अंक असतो : 3, 7, 12, 16 किंवा 18. त्या अंकाजवळील लहान चित्रे अधिक बोलकी असतात. मूठ म्हणजे हिंसा, फासा म्हणजे जुगाराचे चित्रण. ज्या घरात मारामारीचे खेळ नकोत, तेथे मुठीचे चित्र नसलेल्या खेळांपासून आरंभ करता येतो. मात्र अंक लहान असला म्हणजे खर्चही लहान, असे नाही. ईए स्पोर्ट्स एफसी 24 व 25 या फुटबॉल खेळांना 3 चे मानांकन मिळाले आहे, तरी त्यांत खेळाडूंची पाकिटे पैशाने विकत घेता येतात. हा धोका वयाच्या अंकातून कळत नाही. तो खर्चाच्या मर्यादेनेच आवरावा लागतो.

आणखी एक गोष्ट विचारावी : हा खेळ इंटरनेटविना चालतो का? ग्रॅन टुरिस्मो 7 मधील बराचसा भाग जोडणी असल्याशिवाय उघडतच नाही. ज्या गावी वीज गेली की राउटरही बंद पडतो, तेथे हे आधी माहीत असलेले बरे.

जागेचा हिशेब

डिस्क घेतली की जागा वाचते, हा फार रूढ गैरसमज आहे. प्लेस्टेशन 5 वर डिस्कमधील खेळही यंत्राच्या आतील साठवणीत पूर्ण उतरवावाच लागतो. डिस्क केवळ मालकीचा पुरावा म्हणून आत ठेवावी लागते आणि सुधारणा इंटरनेटवरूनच येतात. स्लिम यंत्रावर एक टेराबाइट लिहिलेले असले तरी खेळांसाठी सुमारे 840 जीबी उरतात. सिरीज एसच्या मूळ आवृत्तीवर 512 जीबी लिहिलेले असते आणि हाती सुमारे 364 जीबी येतात. मोठा खेळ 100 जीबीचा धरला, तर पहिल्यावर आठ आणि दुसऱ्यावर तीन खेळ राहतात.

जागा संपली तर खेळ पुसता येतो आणि पुन्हा उतरवता येतो. मुलाची खेळातील प्रगती वेगळी साठवलेली असल्याने केवळ खेळ पुसल्याने ती जात नाही. परंतु पुन्हा उतरविण्याचा वेळ मोजावा. पन्नास एमबीपीएसच्या जोडणीवर 100 जीबी उतरण्यास, वेग पूर्ण मिळाला तर, साडेचार तास लागतात. ज्या घरी केवळ मोबाइलचे दररोज 2 जीबी मिळतात, तेथे हाच खेळ उतरण्यास पन्नास दिवस लागतील. अशा घराने डिस्क नसलेले यंत्र घेऊ नये. साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर प्लेस्टेशन 5 चे खेळ ठेवता येतात, पण तेथून खेळता येत नाहीत; खेळण्यापूर्वी ते यंत्रात परत आणावे लागतात. तरीही इंटरनेटवरून पुन्हा उतरविण्यापेक्षा हे पुष्कळ जलद होते.

डिस्कसाठी दहा हजार जास्त द्यावेत का?

वरील कुटुंबातील आजोबांनी विचारलेला प्रश्न सर्वांत मुद्द्याचा होता : “खेळून झाल्यावर ती डिस्क विकता येते ना?” येते. डिजिटल खेळ मात्र खात्याला बांधलेला असतो. तो विकता येत नाही, मित्राला देता येत नाही.

एप्रिल 2024 च्या दरांप्रमाणे दोन्ही यंत्रांतील फरक 10,000 रुपयांचा होता. आता असे धरावे की जुनी डिस्क 2,500 रुपयांना घेतली आणि खेळून 1,500 रुपयांना विकली, म्हणजे खेळाचा खरा खर्च 1,000 रुपये झाला. तोच खेळ सवलतीच्या काळात डिजिटल स्वरूपात 2,500 रुपयांना घेतला, तर ते सर्व 2,500 रुपये गेले. एका खेळामागे 1,500 रुपयांची बचत धरल्यास सातव्या खेळाला दहा हजार वसूल होतात. वर्षाला तीन खेळ घेणाऱ्या घराला याकरिता तीन वर्षेही लागणार नाहीत. परंतु डिस्क घरात पडून राहणार असेल, तर ही बचत केवळ कागदावरची. गावात किंवा नात्यात तेच यंत्र असलेले दोन-तीन मित्र असतील तर डिस्क घ्यावी. नसतील आणि इंटरनेट चांगले असेल तर डिजिटल यंत्राचाही विचार करता येतो.

अंकुश कसा बसवावा

येथे क्रम महत्त्वाचा आहे. यंत्र मुलाच्या हाती देण्यापूर्वी वडिलांनी किंवा आईने स्वतःचे खाते उघडावे आणि त्याखाली मुलाचे खाते, खऱ्या जन्मतारखेसह, जोडावे. मुलाने आधीच खोटे जन्मवर्ष घालून खाते काढले असेल, तर यंत्र त्याला प्रौढ समजते आणि कोणतीही मर्यादा लागू होत नाही. बहुतेक घरांत नियंत्रण फसते ते याच कारणाने.

प्लेस्टेशन 5 वर Settings मधील Family and Parental Controls येथे खेळाचा रोजचा वेळ, वयाची पातळी, अनोळखी व्यक्तींशी संवाद आणि महिन्याचा खर्च ठरवता येतो. वेळ संपल्यावर केवळ सूचना द्यावी की खाते बंद करावे, याचीही निवड असते; केवळ सूचना निवडली तर खेळ चालूच राहतो.

यात तीन पळवाटा उरतात. पहिली : यंत्रावरील नियंत्रणाचा सांकेतिक अंक मुळात 0000 असतो. तो बदलला नाही तर सर्व कुलपांची किल्ली दारातच टांगलेली राहते. दुसरी : मुलगा नवे किंवा पाहुण्याचे खाते उघडून खेळू शकतो, त्यासाठी User Creation and Guest Login बंद करावे. तिसरी : तो वडिलांच्या खात्यातून खेळू शकतो, म्हणून त्या खात्यालाही अंक लावावा. खर्चाची मर्यादा शून्य ठेवावी आणि क्रेडिट कार्ड खात्यात जतन करू नये. खेळ घ्यावयाचा झाला तर तेवढ्याच रकमेचे कूपन भरावे.

विक्रेता आणि पावती

सर्वांत मोठा मोह ‘सर्व खेळ भरलेल्या’ स्वस्त यंत्राचा असतो. अशा यंत्रातील मूळ प्रणाली बहुधा फोडलेली असते. ते कंपनीच्या सेवेशी जोडले की बंदी येऊ शकते, सुधारणा घेता येत नाहीत आणि खात्यावर आधारलेले पालक-नियंत्रणही निरुपयोगी ठरते. दुसरा प्रकार म्हणजे पाचशे रुपयांत ‘खाते’ विकण्याचा. त्यात खेळ विक्रेत्याच्याच खात्यात राहतो. त्याने संकेतशब्द बदलला की घेणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. निन्टेन्डो स्विच भारतात अधिकृतपणे विक्रीस आलेले नाही. येथे दिसते ते आयात केलेले असते आणि त्याला कंपनीची भारतीय हमी मिळत नाही.

चिखलीच्या ग्राहकाने छत्रपती संभाजीनगर किंवा अकोल्यातील अधिकृत दालनातून घेतले काय किंवा ऑनलाइन घेतले काय, तीन गोष्टी सारख्याच पाहाव्यात. पावतीवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक असावा. यंत्राचा अनुक्रमांक खोक्यावर, यंत्रावर आणि पावतीवर एकच असावा. हमी सोनी इंडियाची आहे, दुकानदाराची नव्हे, हे लेखी असावे. ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याचे नाव संकेतस्थळाच्या नावाहून निराळे असते; तेही वाचावे आणि खोके उघडताना चित्रण करावे.

तक्रार उद्भवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहकाला स्वतःच्या निवासस्थानाच्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता बंगळुरूचा असला तरी चिखलीच्या ग्राहकाला बुलढाण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क नाही. मात्र तेथे प्रथम विचारली जाते ती पावती. वरील कुटुंबाने शेवटी डिस्कचे यंत्र घेतले, कारण मुलाच्या दोन मावसभावांकडे तेच होते. पावती मात्र वडिलांनी दुकानाच्या हिशेबाच्या फाइलमध्ये लावली आणि अनुक्रमांक वहीत उतरवून ठेवला.