नाव एक, पेढ्या दोन

गेल्या वर्षी स्मरणिकेसाठी सभासद बंधूंकडून प्रश्न मागविले, त्यांत एकच प्रश्न तिघांनी निरनिराळ्या शब्दांत विचारला होता. कामरेज चार रस्त्यावर मुंबईकडून, अहमदाबादेकडून आणि खानदेशातून माल येतो. ट्रकवाला हातात बिल्टी घेऊन नाव सांगतो आणि त्या नावाच्या पेढ्या दोन निघतात. माल उतरला तरी फार बिघडत नाही, तो परत भरता येतो. पैसे मात्र दुसऱ्याच्या खात्यात गेले म्हणजे गोष्ट अवघड होते. म्हणून ह्या प्रश्नांची उत्तरे आम्हांस जशी समजली आहेत तशी येथे देत आहोत.

प्रश्न : सरकारदरबारी नोंद झाल्यावरही दोन पेढ्यांचे नाव सारखे कसे राहू शकते?

उत्तर : नोंद कोणत्या दप्तरात झाली, हे आधी विचारले पाहिजे. एकट्या मालकाच्या दुकानाचे नाव कोणीही तपासत नाही. पाटी लावली की पेढी झाली. भागीदारी पेढीची नोंद १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली त्या त्या राज्याच्या निबंधकाकडे होते. ती सक्तीची नाही, आणि नाव सरकारी आश्रय असल्यासारखे भासू नये एवढाच तेथील कायद्याचा मुख्य कटाक्ष. गुजरातेत नोंदलेले नाव महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी घेतले तर त्याची वार्ताही एका दप्तरातून दुसऱ्यात जात नाही. लिमिटेड कंपनीचे नाव तेवढे देशभराच्या यादीशी ताडून पाहतात. तेथे केवळ अनेकवचन केले, जागा सोडली किंवा एखादे विरामचिन्ह घातले तर नाव निराळे धरीत नाहीत. परंतु ती यादी कंपन्यांची आहे. आपल्या गल्लीतील चाळीस वर्षांची भागीदारी पेढी त्या यादीत नसते, म्हणून तिच्याच नावाची नवी कंपनी उद्या रीतसर उभी राहू शकते.

व्यापारचिन्हाची नोंद ह्याहून बळकट खरी, पण तीही मालाच्या वर्गावर चालते. असे पंचेचाळीस वर्ग आहेत. पीठ व मसाला तिसाव्या वर्गात, कच्चे धान्य एकतिसाव्यात, कापड चोविसाव्यात. सुरतेच्या साडीवाल्याने जे नाव नोंदविले तेच धान्यवाल्याचे असणे सहसा बेकायदा ठरत नाही. अत्यंत विख्यात नावांना मात्र अधिक संरक्षण मिळते. ‘महेंद्र अँड महेंद्र’ ह्या नावाच्या कागद गिरणीस ‘महिंद्र अँड महिंद्र’ कंपनीच्या तक्रारीवरून झालेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम ठेवली. दोघांचा माल निराळा होता, तरी लोक एकाच घराण्याची कंपनी समजतील हे न्यायालयास महत्त्वाचे वाटले.

आणि आपल्या समाजापुरते आणखी एक कारण आहे, ते कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. आपण पेढीस तीर्थंकरांचे नाव देतो. महावीर, आदिनाथ, शांतिनाथ, पार्श्वनाथ ही नावे कोणाच्या मालकीची नव्हेत, आणि तशी ती असावीत असे आम्हांस वाटतही नाही. एकाच बाजारात तीन ‘महावीर ट्रेडिंग’ असणे ही फसवणूक नव्हे. पण जो अशा नावाने व्यापार करतो त्याने ओळखीची दुसरी खूण ठेवली पाहिजे, हे त्यातूनच निघते.

प्रश्न : भावाभावांत वाटणी झाली तर नाव दोघांनी वापरावे की नाही?

उत्तर : ह्या प्रश्नावर आम्ही थोडे सविस्तर लिहितो, कारण नामसादृश्याची अनेक भांडणे परक्यांत होत नाहीत, घरात होतात. ‘हलदीराम’ हे नाव वाचकांच्या घरी पुड्यांवर रोज दिसते. बिकानेरचे गंगाबिशन अग्रवाल ह्यांचे घरगुती नाव हलदीराम, त्यावरून हे नाव चालले. ‘हलदीराम भुजियावाला’ हे व्यापारचिन्ह १९७२ मध्ये नोंदणीस गेले. १९७४ च्या नोव्हेंबरात भागीदारी मोडली व विसर्जनपत्र झाले. त्यानुसार पश्चिम बंगालपुरता नावाचा हक्क घराण्याच्या एका शाखेस, उरलेल्या देशात दुसरीस, अशी वाटणी ठरली. कागदावर पाहिले तर ह्याहून स्वच्छ वाटणी ती कोणती? परंतु १९९१ मध्ये बंगालकडील शाखेने दिल्लीत करोलबागेत त्याच नावाचे दुकान काढले, आणि जो दावा लागला तो वर्षानुवर्षे चालला. त्यात पेढीची नोंदणी झालेली नसल्याने दावाच चालत नाही असा आक्षेप निघाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००० मध्ये निर्णय झाला, की नोंदणी नसलेल्या पेढीस करारावरून तिऱ्हाइताविरुद्ध दावा करता येत नाही हे खरे, पण व्यापारचिन्हाचा हक्क करारातून येत नसल्याने त्यासाठी दावा करता येतो. पेढीची नोंद टाळणाऱ्या आपल्या बंधूंनी ह्या निकालाचा पहिला अर्धा भागही वाचावा.

नागपूरची हलदीराम कंपनी आणि दिल्लीची हलदीराम कंपनी ह्या त्याच घराण्याच्या, पण कायद्याने दोन स्वतंत्र कंपन्या. नागपूरकरांचा व्यापार पश्चिमेस व दक्षिणेस, दिल्लीकरांचा उत्तरेस. पुडा हातात घेणारास हा भेद कळत नसे, आणि कळण्याचे कारणही नव्हते. पुढे ह्या दोघांनी बंद पुड्यांतील मालाचा धंदा एकत्र करण्याचे ठरविले, त्यात दिल्लीकडे ५६ व नागपूरकडे ४४ टक्के हिस्सा ठरला आणि २०२५ मध्ये ते एकत्रीकरण पूर्ण झाले. कलकत्त्याची शाखा त्यात नाही.

आमचे मत असे, की प्रदेशावरून नाव वाटणे हा दिसायला सोपा आणि चालवायला कठीण मार्ग आहे. माल ट्रकने जातो, गिऱ्हाईक मुंबईचे असते व बिल जळगावच्या नावाने फाटते. त्यास सीमा कोण दाखविणार? नाव एका भावास द्यावे, दुसऱ्याने त्यास काही जोडावे, आणि त्या त्यागाची किंमत वाटणीतच धरावी. वाटणीपत्रात जुनी उधारी कोणाची, जुना दूरध्वनी क्रमांक कोणाकडे आणि छापील कट्टे कोणी संपवायचे, एवढे तरी लिहावे. ह्या बारीकसारीक गोष्टींवरूनच गिऱ्हाईक एकाचे दुसऱ्याकडे जाते. शिवाय भागीदारी मोडल्याची जाहीर सूचना द्यावी. नोंदलेल्या पेढीची ती निबंधकास, सरकारी राजपत्रात आणि जिल्ह्यात चालणाऱ्या एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. ती दिली नाही तर एका भावाने त्याच नावावर उचललेल्या मालास दुसरा भाऊ तिऱ्हाइतापुढे जबाबदार राहू शकतो. पंचवीस वर्षे सलोख्याने वेगळे राहिलेल्या घरांत अशा एका न दिलेल्या सूचनेवरून बोलणे बंद झालेले आम्ही पाहिले आहे.

प्रश्न : समोरची पेढी कोणती, हे रोजच्या व्यवहारात ओळखावे कसे?

उत्तर : नावावरून ओळखू नये, क्रमांकावरून ओळखावे. समजा, कामरेजच्या व्यापाऱ्याने जळगावहून तूरडाळीचे पन्नास किलोचे ८० कट्टे मागविले. ४० क्विंटल माल, भाव ९,५०० धरला तर रक्कम ३,८०,०००. जळगावच्या बाजारात ‘शांतिनाथ ट्रेडिंग कंपनी’ दोन आहेत असे समजू. एक भागीदारीची, एक एकट्या मालकाची. दोघांशी पूर्वी व्यवहार झालेला, दोन्ही खाती मुनीमजींच्या यादीत, दोन्हींवर नाव तेच.

जीएसटीचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातचे २४ व महाराष्ट्राचे २७. त्यानंतरची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. ह्या मधल्या दहा अक्षरांवर बोट ठेवावे. एकाच पेढीच्या दोन राज्यांत शाखा असल्या तर राज्याचे आकडे बदलतात, ही दहा बदलत नाहीत. दोन निराळ्या मालकांच्या पेढ्यांची ही दहा अक्षरे कधी एक नसतात. पॅनचे चौथे अक्षर तर मालक कोण तेही सांगते. पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, एच असेल तर एकत्र कुटुंब, सी असेल तर कंपनी. एकट्या मालकाच्या दुकानाचा पॅन त्याच्या स्वतःचा असतो. म्हणून भागीदारीचे बिल आहे असे सांगितले आणि चौथे अक्षर पी दिसले, तर ट्रक भरण्यापूर्वी दूरध्वनी करावा.

आपल्या धंद्यात येथे एक अडचण येते. सुटे धान्य व डाळ, तसेच पंचवीस किलोहून मोठा कट्टा ह्यांवर कर नाही, आणि जो केवळ करमुक्त मालाचाच व्यापार करतो त्याच्यावर जीएसटीची नोंदणी बंधनकारक नाही. तेव्हा आपल्या दोन शांतिनाथांपैकी जो लहान पुडेही विकतो त्याचा क्रमांक मिळेल, दुसऱ्याचा कदाचित मिळणार नाही. अशा वेळी अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पाहावा. तो बिलावर छापणे २०२२ पासून आवश्यक आहे आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो घातला की परवाना कोणाच्या नावे व कोणत्या पत्त्यावर आहे ते दिसते. तोच पत्ता बिल्टीवर आहे की नाही, एवढे पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

प्रश्न : पैसे चुकीच्या पेढीस गेलेच, तर बँक परत आणून देते काय?

उत्तर : बँक स्वतःच्या अधिकारात ते परत ओढून घेऊ शकत नाही. पूर्वी धनादेशावर नाव लिहावे लागे. एनईएफटी व आरटीजीएसमध्ये रक्कम खात्याच्या क्रमांकावर जमा होते, नाव जुळले नाही तरी अडत नाही. आणि येथे तर नाव जुळतेच आहे! रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय बँकांनी द्यावयाची आहे. ती अवश्य वापरावी. एकट्या मालकाचे खाते कधी त्याच्या व्यक्तिनामाने निघते, तेव्हा तेथेच उलगडा होतो. पण दोन्ही खाती पेढीच्याच नावाने असली तर ही सोयही काही सांगणार नाही. म्हणून नव्या खात्यावर पहिली रक्कम एक रुपयाची पाठवावी, आणि पोहोच विचारण्यासाठी बिलावरचा नव्हे, आपल्या वहीतील जुना दूरध्वनी क्रमांक फिरवावा.

चुकून आलेले पैसे ठेवून घेण्याचा हक्क मात्र कोणास नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलम स्पष्ट आहे, की चुकीने मिळालेली रक्कम ज्यास मिळाली त्याने परत केली पाहिजे. आपल्या बँकेस त्याच दिवशी लेखी कळवावे आणि समोरच्या पेढीसही लेखीच पत्र द्यावे. जुने येणे आहे म्हणून ठेवून घेतले, असे उत्तर येण्याआधी ते पत्र पोहोचलेले बरे.

आमची मंडळास एक सूचना आहे. सभासदांच्या यादीत आपण नाव, गाव व दूरध्वनी छापतो. येत्या यादीत प्रत्येक नावापुढे जीएसटीचा, आणि तो नसेल तर परवान्याचा क्रमांक छापावा. आणि ज्यांची नावे सारखी आहेत त्यांनी कंसात मूळ गाव किंवा पेढीचे स्थापनावर्ष द्यावे. ह्यासाठी कोणास आपले नाव बदलावे लागणार नाही. यादी छापखान्यात जाण्यापूर्वी सभासदांनी आपले क्रमांक कार्यालयात पाठवावेत.