रात्री बाराच्या पुढची गाडी आणि तिकिटाची खिडकी

मैत्रिणींनो, आता बरीच तिकिटं घरबसल्या मोबाइलवर निघतात. तरी आरक्षणाच्या खिडकीपुढची रांग काही संपलेली नाही, आणि त्या रांगेत आपल्यासारख्या बायका पुष्कळ असतात. खिडकीशी पोहोचेपर्यंत तास जातो आणि बोलायला मिळतात दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत घोटाळा होतो तो बहुतेक तारखेचा, आणि तोही रात्री बारानंतर सुटणाऱ्या गाडीच्या बाबतीत.

समजा, तुम्ही मनमाडला राहता. गुरुवारी, १५ तारखेला संध्याकाळी नागपूरला लग्न आहे. मुंबईहून येणारी गाडी मनमाडहून रात्री १२.४० ला सुटते. तुमच्या मनात असतं, ‘बुधवारी रात्री जेवून निघायचं.’ म्हणून अर्जावर तुम्ही १४ लिहिता. पण १४ तारखेची १२.४० ची गाडी म्हणजे मंगळवारची जेवणं आटोपल्यावर येणारी! बुधवारी रात्री तुम्ही डबा-पिशव्या घेऊन फलाटावर उभ्या राहाल, तेव्हा तुमची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. अशा वेळी घड्याळाकडे बघावं, जेवणाकडे नव्हे. बारा वाजले की तारीख बदलली.

आता सासूबाईंना घेऊन निघालेल्या एका बाईचं खिडकीवरचं बोलणं बघा.

“मनमाड ते नागपूर, स्लीपर, दोघी जणी. रात्री बारा-चाळीसची गाडी. तारीख पंधरा, गुरुवार. कन्फर्म जागा आहे का?”

“आहे. वयं?”

“माझं सेहेचाळीस, सासूबाईंचं सत्तर.”

“सतरा?”

“सतरा नव्हे, सत्तर. सातावर शून्य.”

“बरं. द्या पैसे.”

“जरा थांबा, साहेब. तारीख किती पडली?”

“चौदा. गाडी मुंबईहून चौदालाच सुटते, बाई.”

“हो, पण आम्ही मनमाडला चढणार. तिथे गाडी येते तेव्हा पंधरा तारीख लागलेली असते. चौदा नव्हे, पंधरा करा. छापायच्या आधी करा.”

“केली.”

“आणि बर्थ कुठले मिळाले?”

“दोन्ही लोअर.”

यातलं ‘तारीख किती पडली?’ हे वाक्य नीट लक्षात ठेवा. आपण सवयीनं विचारतो, ‘पंधराचंच आहे ना?’ मागे रांग ओरडत असते, कारकून मान न वळवता ‘हो’ म्हणतो आणि आपण निर्धास्त! ‘किती’, ‘कुठले’, ‘कुठून’ असं विचारलं की त्याला पडद्यावर बघून सांगावंच लागतं. बऱ्याच खिडक्यांवर आपल्या बाजूलाही छोटा पडदा असतो. पैसे काढता काढता त्यावरही नजर टाकावी.

चूक दाखवतानाही या बाईनं लग्नाची कहाणी सांगितली नाही. चुकीचा शब्द आधी, लगेच बरोबर शब्द: ‘चौदा नव्हे, पंधरा.’ कारकुनाला काय खोडायचं आणि काय घालायचं, दोन्ही कळतं. नुसतं ‘अहो, चुकलंय!’ म्हटलं तर तो नाव तपासत बसेल.

सत्तरचं सतरा होणंही साधं नाही. पंचेचाळीस किंवा त्याहून मोठ्या बाईला खालचा बर्थ मिळावा म्हणून रेल्वेचा वेगळा कोटा असतो. सतराव्या वर्षी तो कोण देणार? आणखी एक गोम आहे. हा कोटा त्या वयाचा प्रवासी एकटा असेल किंवा तशा वयाचे दोघंच असतील तेव्हाचा. त्याच अर्जावर धाकट्या नणंदेचं नाव घातलंत तर सासूबाईंना वर चढायची पाळी येऊ शकते. अर्ज लिहिताना आकडेही सुटे, ठळक काढा. आपल्या देवनागरीतले १ आणि ९ घाईत सारखेच दिसतात.

‘कन्फर्म नाही, आरएसी आहे’ असं उत्तर आलं तर गोंधळू नका. आरएसी म्हणजे गाडीत बसायला जागा नक्की, पण एका बाजूच्या बर्थवर दोघांनी अर्धी-अर्धी. कुणी तिकीट रद्द केलं तर पुढे पूर्ण बर्थ मिळतो. सत्तरीच्या बाईला रात्रभर बसवायचं नसेल तर तिथेच विचारा, “दुसऱ्या गाडीला कन्फर्म कुठल्या तारखेची आहे?” याचं उत्तरही आकड्यातच येतं.

तिकीट हातात आलं की लगेच पर्समध्ये कोंबू नका. खिडकीशीच उभं राहून चढायचं स्टेशन, तारीख आणि वयं वाचा. मागची बाई कुरकुरली तर कुरकुरू द्या. खिडकी सोडल्यावर चूक दिसली, तर पुन्हा रांग आणि वर रद्द करण्याचे पैसे कापले जातात.