.in म्हणजे देशी, .co म्हणजे परदेशी?

इन्स्टावर मस्त स्नीकर्स दिसतात, लिंक उघडता आणि पत्त्याच्या शेवटी .in ऐवजी .co दिसतं. हा कोलंबियाचा कोड. मग ऑर्डर द्यायची की नाही?

आधी हे शेपूट काय असतं ते बघू. प्रत्येक देशाला किंवा प्रदेशाला दोन अक्षरी कोड मिळतो. भारताचा .in, जर्मनीचा .de, माँटेनेग्रोचा .me. पण त्या कोडखाली नाव कुणी घ्यायचं, हे ज्याची त्याची नोंदणी संस्था ठरवते. कोलंबियाने 2010 मध्ये .co जगभरासाठी खुलं केलं. छोटं, लक्षात राहणारं नाव मिळतं म्हणून कंपन्या ते घेतात. तुम्ही रोज बघता ते youtu.be बेल्जियमच्या कोडवर आहे आणि wa.me माँटेनेग्रोच्या. तिथून काही कुणी व्हॉट्सॲप चालवत नाही!

आता उलट बाजू. आपलं .inसुद्धा परदेशातल्या माणसाला घेता येतं. म्हणजे .in दिसलं की दुकान भारतातलंच, असंही नाही. शेपूट फक्त नावाची नोंद कुठल्या यादीत आहे ते सांगतं. विक्रेता कुठे बसलाय, ते सांगत नाही.

खरी गोम शेपटाच्या लगेच डावीकडे असते. समजा, पत्ता असा आहे:

```
brand.in.mega-offer.co
```

घाईत नजर brand.in वर थांबते. पण पत्ता उजवीकडून वाचा. शेवटी .co, त्याआधी mega-offer. साइटचा मालक म्हणजे mega-offer हे नाव घेणारा. त्याच्या डावीकडे तो काहीही लिहू शकतो, अगदी नामांकित ब्रँडचं नावसुद्धा. तिरक्या रेघेनंतरच्या मजकुराचंही तेच.

मग साइटवर खाली जा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार भारतातल्या ग्राहकांना माल विकणाऱ्या साइटने कंपनीचं कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क देणं बंधनकारक आहे. तिथे नुसता एक फॉर्म किंवा व्हॉट्सॲप नंबर असेल, तर शेपूट .in असलं तरी पैसे भरू नका.

परदेशी शेपटाचा विचार कधी करायचा? दुकान खरोखर बाहेरचं असेल तेव्हा. .de वर किंमत युरोत दिसत असेल, तर कस्टम ड्युटी कोण भरणार आणि साइज चुकली तर परतीचं कुरिअर कुणाच्या खर्चाने, हे ऑर्डरआधी वाचा. दुकान अस्सल असलं, तरी दोन हजारांचे शूज परत पाठवायला तेवढाच खर्च येऊ शकतो.

आणि पैसे अडकलेच, तर वाट बघत बसू नका. फसवणूक असेल तर लगेच 1930 ला फोन करा. माल खराब निघाला किंवा रिफंड मिळत नसेल, तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.